मिनिमम ड्यू भरला, तरी बिल वाढलं कसं? क्रेडिट कार्डाच्या या चुका टाळा

कोकणात होमस्टे चालवणाऱ्यांचा खर्च आणि कमाई एका महिन्यात क्वचितच गाठ घेतात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात आणि नेमका गणपतीच्या तोंडावर खर्च निघतो. अशा वेळी कार्ड हाताशी येतं आणि बहुतेकांचा हिशोब एकाच ठिकाणी चुकतो.

गुहागरकडच्या एका होमस्टेचं उदाहरण घेऊ. आकडे सोपे धरले आहेत. कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं. मालकाने 20 ऑगस्टला 40,000 रुपयांचा डीप फ्रीझर घेतला. हे व्यवहारात शहाणपणाचंच होतं, कारण ही खरेदी 18 सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि ड्यू डेट 8 ऑक्टोबरची असते. म्हणजे 49 दिवस बिनव्याजी. स्टेटमेंटवर एकूण देय 40,000 आणि मिनिमम ड्यू 2,000. दिवाळीच्या बुकिंगचे पैसे आले की बाकीचं बघू, म्हणून त्याने 8 तारखेला 2,000 भरले.

त्याच्या मते आता 38,000 वर 8 ऑक्टोबरपासून व्याज लागणार. पण ते 49 दिवस बिनव्याजी होते ते पूर्ण बिल वेळेत भरण्याच्या अटीवर. अट मोडली की सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून, म्हणजे 20 ऑगस्टपासून मोजलं जातं. दर महिना 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के धरला, तर 38,000 वर 18 टक्के जीएसटीसकट दिवसाला साधारण 52 रुपये होतात. 18 ऑक्टोबरपर्यंतच्या 59 दिवसांचे सुमारे 3,044 रुपये. नव्या स्टेटमेंटवर आकडा येतो 41,044. दोन हजार भरूनही बिल मूळ किमतीच्या वर! खरेदीची तारीख साधून जितकी लांब मुदत मिळवावी, तितकं मागचं व्याज जास्त बसतं, हा यातला खरा चटका.

म्हणूनच मिनिमम ड्यूला हप्ता समजू नका. ईएमआय ठरावीक महिन्यांत संपतो, मिनिमम ड्यूला असा शेवट नसतो. तो भरल्याने लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच. पुढच्या महिन्यात तो नुसता 5 टक्के येईल असंही नाही. बऱ्याच बँका त्यात व्याज आणि कर पूर्ण मिळवतात, म्हणजे इथे तो पाच हजारांच्या आसपास जाईल.

दुसरी चूक तर अंगवळणीच पडलेली असते. बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर किराणा, पेट्रोल चालू ठेवायचं. मागची बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. 10 ऑक्टोबरला सहा हजारांचा किराणा घेतला, तर त्यावर 10 तारखेपासूनच व्याज. पूर्ण फेड होईपर्यंत ते कार्ड कपाटात ठेवा आणि किराणा रोखीने किंवा यूपीआयने घ्या.

पूर्ण पैसे भरूनही पुढच्या महिन्यात व्याज दिसलं, की लोक थेट कस्टमर केअरला भांडतात. ती बहुधा चूक नसते. आपल्या मालकाने 41,044 रुपये 1 नोव्हेंबरला भरले, तरी 18 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर या 14 दिवसांचे सुमारे 722 रुपये पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतात, कारण स्टेटमेंट निघाल्यावरचे दिवस त्यात मोजलेलेच नव्हते. तेही भरलं आणि मध्ये नवी खरेदी नसली, की साखळी तुटते. व्याज रोजच्या बाकीवर धावतं, म्हणून ड्यू डेटची वाट बघत पैसे खात्यात पडून ठेवण्यात अर्थ नाही. दहा हजार आले तर त्याच दिवशी दहा हजार भरा.

पूर्ण रक्कम भरता येणार नाही हे आधीच दिसत असेल, तर ड्यू डेटपूर्वी ती खरेदी ईएमआयमध्ये बदलता येते का ते बघा. दर बहुधा बराच कमी असतो. प्रोसेसिंग फी आणि जीएसटी मात्र हिशोबात धरा.

तारखेबद्दल थोडं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. पण ही सूट लेट फीपुरती आहे, व्याजाला लागू धरू नका. ऐन पावसात नेटवर्क दोन दिवस गायब होतं तिथे शेवटच्या दिवसावर विसंबायचं कशाला? तुमचे पैसे महिन्याच्या ठरावीक सुमारास येत असतील, तर बँकेकडे बिलिंग सायकल बदलून मागा. निदान एकदा तरी ती सोय द्यावीच लागते. आणि ऑटो-पे लावलेलं असेल तर आजच ॲप उघडून बघा. तिथे ‘Total Amount Due’ आणि ‘Minimum Amount Due’ असे दोन पर्याय असतात, आणि दुसरा निवडलेला असेल तर महिनोन्महिने काही खटकत नाही.