शी रोखून धरणारं मूल: या चुका टाळा

साडेतीन वर्षांची मनू पडद्यामागे चवड्यांवर उभी होती. पायांची कात्री, अंग ताठ, चेहरा लालबुंद. "किती कुंथतेय बिचारी," आजी म्हणाल्या. आईलाही तसंच वाटलं आणि पहिली चूक तिथेच झाली. शी करायची असली की मूल सहसा उकिडवं बसतं. असं ताठ होऊन पाय आवळणारं मूल बहुतेक वेळा शी रोखून धरत असतं.

आठवड्यापूर्वी मनूला खड्यासारखी कडक शी झाली होती. जोरात किंचाळली होती ती, पुसताना रक्ताची बारीक रेघही दिसली. तेव्हापासून शी म्हणजे दुखणार, हे डोक्यात पक्कं बसलं. आत थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी मोठी आणि कडक होते, मग पुढच्या वेळी खरंच दुखतं. त्यामुळे ही नाटकं नव्हेत.

बाबांनी मात्र तिला धरून बसवलं. "झाल्याशिवाय उठायचं नाही." अर्धा तास रडारड झाली, शी नाहीच. दुसऱ्या दिवसापासून ती बाथरूमच्या दारातूनच मागे फिरू लागली.

मग चड्डीला पातळ डाग दिसू लागले. घरच्यांना वाटलं, जुलाब. ते थांबवायचं औषध आणायचंच बाकी होतं! डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तर डाव्या बाजूला खाली कडक गोळा. पातळ शी त्याच्या कडेनं झिरपत होती.

डॉक्टरांनी शी मऊ करणारं औषध रोज द्यायला सांगितलं आणि सीटवर बसवण्याची सक्ती बंद केली. मनूनं डायपर मागितला, तर तो द्यायचा. आईला हे पटायला जड गेलं, पण शी बाहेर येणं महत्त्वाचं, कुठे ते नंतर. आधी डायपरमध्ये उभ्यानं, मग बाथरूममध्ये, मग डायपर घालूनच सीटवर. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, म्हणून तेव्हा पाचेक मिनिटं बसायचं. पाय लोंबकळत असले तर जोर लावता येत नाही. पायाखाली स्टूल आलं, गुडघे कमरेच्या वर गेले. हातात साबणाच्या फुग्यांची डबी. फुंकर मारताना पोटावर आपसूक जोर येतो.

दोन आठवड्यांत मऊ शी होऊ लागली आणि घरच्यांनी औषध बंद केलं. चार दिवसांत मनू परत पडद्यामागे. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला, भीती विसरायला महिने लागतात. औषध डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं असतं.

पोट फुगलं, उलट्या होताहेत, ताप आहे, वजन वाढत नाही, किंवा जन्मापासूनच शीचा त्रास आहे, तर घरी थांबू नका.

आता पडदा हलला की आई एवढंच विचारते, "फुगे आणू का गं?"