अनोळखी १८,००० रुपये जमा झाले, खातं गोठण्यापासून असं वाचलं

मंगळवारी यूपीआयवर अनोळखी नावाने १८,००० रुपये आले. दहा मिनिटांत फोन: “दादा, चुकून गेले, या दुसऱ्या नंबरवर परत टाका ना.” दुसऱ्या का? चोरीचा पैसा असाच साध्या खात्यांतून पुढे सरकवतात आणि तपासात मधलं खातंही गोठतं.

कस्टमर केअरने दोनदा नुसता तक्रार क्रमांक दिला. डोकं फिरलं.

मग रकमेला हात न लावता शाखेत लेखी अर्ज दिला: तारीख, वेळ, व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, ‘रक्कम माझी नाही, बँकेमार्फत मूळ खात्यातच परत करा’. सोबत कॉलचा स्क्रीनशॉट जोडला, पोचवर शिक्का घेतला. घरी येऊन सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तो नंबर कळवला.

नऊ दिवसांनी पोलिसांचं पत्र बँकेत आलं. होल्ड फक्त १८,००० वर लागला. पगार, हप्ता सुरळीत.