आधी बाण, मग चौकटी

समजा, सोलापुरी चादरींच्या घाऊक ऑर्डरसाठी पहिलंच अ‍ॅप बनवताय. फिग्मासारखं स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी ए४ कागद आडवा ठेवा आणि दुकानदाराचं एकच काम लिहा: ‘पन्नास चादरी मागवणं’. त्याचा प्रवास डावीकडून उजवीकडे काढा. स्क्रीनसाठी चौकोन, निर्णयासाठी शंकरपाळ्याचा आकार, मध्ये बाण. चादर निवडली, नग टाकले, ‘माल शिल्लक आहे का?’

या शंकरपाळ्यातून दोन बाण निघालेच पाहिजेत. नवखे लोक फक्त ‘हो’चा बाण काढतात. पन्नास हवेत आणि तीसच असतील तर? तीस आता घ्यायचे, रंग बदलायचा की थांबायचं? इथे एक अख्खा नवा स्क्रीन सापडतो. तो कोडिंग सुरू झाल्यावर सापडला, तर ऑर्डरची नोंद ठेवायची पद्धतच बदलावी लागते.

प्रवास पक्का झाला की दुसऱ्या कागदाला दोन घड्या घाला. चार भागांत चार स्क्रीन. जाड स्केचपेन घ्या. बारीक पेनाने हात आपोआप सजावटीकडे वळतो. मजकूर मात्र खरा लिहा: ‘जेकार्ड चादर, डबल, मरून’. नुसत्या रेघोट्या मारल्या तर एवढं नाव एका ओळीत मावत नाही, हे कळतच नाही.

मग चौकटी कापून एखाद्या दुकानदारासमोर एकेक ठेवा. ‘ऑर्डर द्या’ एवढंच सांगा, बटण दाखवू नका. बोट जिथे अडेल, तिथे लाल खूण करा.