इसार देण्याआधी: शेतजमीन घेणाऱ्याची तयारी

जमीन बघायला गेलं की विहीर, रस्ता, माती यांवर चार तास चर्चा होते. कागद मात्र शेवटी, इसार देऊन झाल्यावर उघडले जातात. माझ्याकडे तालुक्याच्या गावी कागद तपासून घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक असेच, पैसे अडकल्यावर येतात. म्हणून ही यादी इसाराच्या आधीची आहे आणि तिचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी स्वतःचे कागद, मग जमिनीचे, मग तुमच्या हेतूचे.

सुरुवात स्वतःपासून करा, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घेण्याची पात्रता आधी खरेदीदाराची पाहतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आहे. कलमांचे आकडे बदलतात, मुद्दा तोच राहतो. बेळगावकडचे नातेवाईक सांगतात की कर्नाटकात कुणीही शेती घेऊ शकतो. तिथे २०२० मध्ये ते निर्बंध काढले, हे खरं आहे. महाराष्ट्रातल्या गटाला मात्र महाराष्ट्राचा कायदा लागतो.

तेव्हा पहिला कागद तुमच्या स्वतःच्या नावाचा सातबारा आणि त्याच गावचा आठ-अ. कायद्याच्या व्याख्येत शेतकरी म्हणजे जातीने जमीन कसणारा, मग ती स्वतःच्या श्रमाने कसलेली असो, घरच्यांच्या श्रमाने असो वा स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकडून. नोकरी असणं आड येत नाही. अडचण येते ती ‘शेती वडिलांच्या नावावर आहे’ म्हणणाऱ्यांची. वडील हयात असताना तुमचं नाव कुठेच नसेल, तर तहसीलकडून शेतकरी असल्याचा दाखला आधी मिळवा. तो मिळत नसेल, तर वडिलोपार्जित जमिनीचं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून किंवा वडिलांकडून बक्षीसपत्राने काही क्षेत्र स्वतःच्या नावावर घ्यावं लागतं. मुलाला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं, त्यामुळे खर्चाची भीती नको. पण वाटून येणारा तुकडा तुकडेबंदीच्या किमान क्षेत्राहून लहान नसावा. ग्रामीण भागात २०२३ पासून साधारणपणे जिरायताला २० गुंठे आणि बागायताला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र धरतात. विवाहित मुलींनी माहेरची वारस नोंद आवर्जून पाहावी. वडिलांच्या पश्चात तिथे नाव लागलेलं असेल, तर त्या खातेदार आहेत.

दोन वाटा मी सरळ बंद म्हणून सांगतो. एक, मृत्युपत्राने परक्या बिगरशेतकऱ्याला जमीन देण्याची. याच १९४८ च्या कायद्याच्या गुजरातमधल्या तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला आहे की मृत्युपत्र करूनही ही बंदी टाळता येत नाही. दुसरी, परदेशात राहणाऱ्या भावाच्या नावाने खरेदी. अनिवासी भारतीयाला वारशाने शेती मिळू शकते, विकत घेता येत नाही. पैसा त्याचा आणि नाव गावातल्या चुलत्याचं, अशी तजवीज ज्यांनी केली, त्यांचे दावे मी कोर्टात पाहिले आहेत. चुलता वारला की त्याची मुलं वारस म्हणून उभी राहतात आणि भावाकडे दाखवायला काहीच कागद नसतो.

स्वतःचे कागद नीट असले की कमाल धारणेचं गणित एकदा कागदावर मांडा. १९६१ च्या कायद्यात कुटुंबाची मर्यादा जमिनीच्या प्रकाराप्रमाणे आहे: वर्षाला दोन पिकांइतकं खात्रीचं पाणी असेल तर १८ एकर, एका पिकाचं असेल तर २७, पुढच्या एका वर्गाला ३६ आणि कोरडवाहूला ५४ एकर. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. इथे लोक चुकतात, कारण ते फक्त आपल्या नावचं क्षेत्र मोजतात. समजा, नवऱ्याच्या नावावर ५ एकर बारमाही बागायत आहे आणि बायकोला माहेरून २० एकर जिरायत वारशाने आली आहे. १८ एकर बागायत बरोबर ५४ एकर जिरायत, म्हणजे एक एकर बागायत तीन एकर जिरायतीच्या बरोबरीची. ५ एकराचे १५ झाले, त्यात २० मिळवले की ३५. उरले १९ एकर जिरायत. तेवढीच किंवा तिच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे सहा एकरांहून थोडी जास्त बारमाही बागायत हे कुटुंब आणखी घेऊ शकतं. आठ-अ हा एका गावापुरता असतो, म्हणून जिथे जिथे कुटुंबाचं नाव आहे त्या प्रत्येक गावचा काढा. बहुतेक खरेदीदार या मर्यादेच्या जवळपासही नसतात, पण खरेदीखतात तसं लिहून द्यावं लागतं आणि खोटं लिहिलेलं पुढे अंगाशी येतं.

आता जमिनीकडे वळू. bhulekh.mahabhumi.gov.in वर दिसणारा सातबारा फक्त पाहण्यापुरता असतो. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल स्वाक्षरीचा काढा आणि त्यावर ‘भूधारणा पद्धती’ ही नोंद शोधा. तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर मालकाला विकायला साधारणपणे आडकाठी नाही. ‘वर्ग २’ असेल तर थांबा. वर्ग २ म्हणजे ही जमीन सरकारच्या काही शर्तींवर दिलेली आहे, आणि शर्त कोणती ते कळल्याशिवाय भावाची बोलणी करण्यात अर्थ नाही. त्याचं उत्तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात, जुन्या फेरफारात आणि चावडीतल्या गाव नमुना १-क मध्ये मिळतं. वर्ग २ च्या जमिनी कोणत्या प्रकारच्या आहेत याची नोंद त्या नमुन्यात असते.

वर्ग २ चे सगळे प्रकार सारखे नाहीत. देवस्थान इनामाची जमीन सहसा विकताच येत नाही. महार वतनाच्या जमिनीला परवानगी लागते आणि सरकारला भरायचा मोठा नजराणा बसतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी शासनाची मंजुरी हवी. मालक स्वतः तयार असला तरी ही अट सुटत नाही, आणि ती सुटू नये असंच मला वाटतं. धरणाच्या लाभक्षेत्रात ‘पुनर्वसनासाठी राखीव, विक्रीस बंदी’ अशी नोंद दिसते.

कुळ कायद्याने मिळालेली जमीन यातली सगळ्यात जास्त वेळा समोर येणारी, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. मागच्या वर्षी माझ्याकडे एक शिक्षक जोडपं आलं. ८० आर, म्हणजे दोन एकर जिरायत ठरली होती. विकणाऱ्याचे आजोबा त्या जमिनीचे कूळ होते, त्यांना जमीन मालकीची झाल्याचं कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि इतर हक्कात लिहिलेलं होतं, ‘कुळ कायदा कलम ४३ ला पात्र’. एजंट म्हणाला, आजकाल ते काही लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२-म प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागत नाही. मात्र त्या बदल्यात जमिनीच्या आकारणीच्या, म्हणजे तिच्यावर बसलेल्या शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा आधी भरावा लागतो, खरेदीदार शेतकरी असावा लागतो, त्याची धारणा कमाल मर्यादेत राहावी लागते आणि तुकडा पडता कामा नये.

त्या गटाची आकारणी होती ३ रुपये २५ पैसे. चाळीस पट म्हणजे १३० रुपये. विकणारे गृहस्थ हसले, एवढ्यासाठी तहसीलला कशाला जायचं म्हणाले. मी त्यांना समजावलं की १३० रुपये न भरता खत झालं तर तो व्यवहार कलम ४३ विरुद्ध ठरतो आणि तहसीलदार कलम ८४-क खाली चौकशी लावू शकतात. तिथे व्यवहार अवैध ठरला, तर जमीन मूळ स्थितीत आणून देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत मिळते. तेही झालं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. त्यांनी ३२-म ची प्रत जोडून अर्ज केला, चलन भरलं, आदेश घेतला आणि त्यावरून फेरफार नोंदवला. नोंद मंजूर होऊन सातबाऱ्यावर शर्त कमी झालेली दिसल्यावरच साठेखत केलं. मधले काही आठवडे सगळ्यांनाच लांब वाटले. पण नवा सातबारा हातात आल्यावर त्या बाईंनी तो दोनदा वाचला, तेव्हा मला बरं वाटलं.

फेरफार वाचायला वेळ द्या. सातबाऱ्यावर फक्त क्रमांक असतात, पण त्या क्रमांकांमागे वाटप, वारस, बोजा, कोर्टाचे मनाई हुकूम सगळं असतं. गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढा. इतर हक्कात एखाद्या बहिणीचं नाव असेल तर तिची सही खरेदीखतावर हवी. ‘ती काही बोलणार नाही’ हे वाक्य ऐकलं की मी काम थांबवतो.

शेवटी तुमचा हेतू. पीकच घ्यायचं असेल तर पुढचं वाचायला नको. घर, गोदाम किंवा प्लॉट पाडायचे मनात असेल, तर नगररचना कार्यालयाचा झोन दाखला साठेखताआधी काढा. त्या गटाला प्रादेशिक योजनेत शेती विभाग लागला असेल, तर ‘एनए करून देतो’ या आश्वासनाला काही आधार नाही, कारण बिगरशेती वापर आराखड्यातल्या विभागाप्रमाणेच मिळतो. निवासी किंवा औद्योगिक विभाग असेल, तर ठरलेली रक्कम भरून रस्ता बराच सोपा होतो. शहराच्या हद्दीतल्या किंवा आराखड्यात बिगरशेतीला ठेवलेल्या जमिनीला कलम ६३ मधूनही काही सूट आहे. मात्र ती घेणाऱ्याने मुदतीत जमीन त्या वापरात आणावी लागते. शेतघरासाठी साधारण ४० आर इतकी जमीन लागते. त्यापेक्षा लहान ‘फार्महाउस प्लॉट’ दहा जणांना सामाईक सातबाऱ्यावर विकणारे भेटतात. तिथे तुमच्या नावापुढे हिस्सा लिहिलेला असतो, चतुःसीमा कुठेच नसतात आणि मोजणी मागितली की बाकीच्या नऊ जणांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो.

एवढं झालं की साठेखतात एक कलम घालून घ्या: शर्त, परवानगी किंवा झोन यांपैकी काही विकणाऱ्याने सांगितल्यापेक्षा वेगळं निघालं, तर इसाराची रक्कम अमुक दिवसांत परत. दिवसांचा आकडा लिहा, आणि इसार चेकने द्या.