तारखेचा स्तंभ आधी मजकूर म्हणूनच उतरवून घ्या

दोन स्रोतांपैकी दुकानाची बिलिंग प्रणाली 03/04/2024 म्हणजे 3 एप्रिल लिहिते आणि अमेरिकी पद्धतीचे ऑनलाइन विक्री सॉफ्टवेअर त्याच अक्षरांतून 4 मार्च सांगते, तेव्हा ईटीएल साधनाला तारखेचा प्रकार स्वतः ओळखू देणे धोक्याचे असते. रोज विक्री असलेली मार्चची अमेरिकी फाइल दिवस-महिना क्रमाने वाचली, तर 13 ते 31 या 19 दिवसांच्या नोंदी नाकारल्या जातात किंवा रिकाम्या होतात. उरलेल्या 12 दिवसांच्या नोंदी मात्र विनातक्रार आत शिरतात आणि बाराही महिन्यांच्या 3 तारखेला विखुरतात. त्यांतली 3 मार्च तेवढी योगायोगाने बरोबर असते. माझ्या मते खरे नुकसान या शांतपणे शिरलेल्या नोंदींचेच असते.

म्हणून स्टेजिंग तक्त्यात मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि रूपांतर करताना प्रत्येक स्रोताचा साचा स्पष्ट लिहावा. पोस्टग्रेसमध्ये अमेरिकी स्रोतासाठी तो असा लिहितात:

```sql
to_date(raw_date, 'MM/DD/YYYY')
```

भरणीनंतर महिनावार नोंदी मोजाव्यात. एका महिन्याच्या फाइलमधून दुसरा महिना निघाला, तर साचा चुकला आहे.