व्हिडिओ मीटिंग अडखळू नये म्हणून राउटरवर क्यूओएस कसे लावावे

संध्याकाळी सहाला ताईची ऑफिसची मीटिंग सुरू झाली की तिचा आवाज तुटायचा. फायबरचा प्लॅन 40 एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्टही छान यायची. कारण शेवटी भाच्याच्या फोनमध्ये सापडलं. कॉलेजमधून घरी येऊन वायफायला जोडला गेला की त्यातले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढायला लागायचे. अपलोडची वाट भरली की मीटिंगच्या पॅकेटना मॉडेमच्या रांगेत ताटकळत उभं राहावं लागतं.

तुमच्याकडेही हेच होतंय का, ते आधी पाहा. राउटरजवळ बसून लॅपटॉपवर, विंडोज असेल तर, ही कमांड चालवा:

```
ping -t 8.8.8.8
```

मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोड करा. ताईकडे 12 मिलिसेकंदांचे आकडे बघता बघता 300च्या वर गेले. अपलोड थांबवताच आकडे खाली आले, म्हणजे दुखणं रांगेचंच होतं. अपलोड बंद असतानाही आकडे वरखाली होत असतील तर वायफाय कमजोर आहे किंवा लाइनमध्येच बिघाड आहे. तिथे क्यूओएसचा, म्हणजे कोणती पॅकेट आधी सोडायची हे राउटरने ठरवण्याच्या सोयीचा, उपयोग नाही.

आता स्पीड मोजा, आणि तोही मीटिंगच्याच वेळी, तीन-चार वेळा. सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. ताईकडे अपलोड आणि डाउनलोड दोन्ही 36 एमबीपीएस आले. त्याचे साधारण 85 टक्के म्हणजे 30.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत `QoS` चालू करून `Upload Bandwidth` आणि `Download Bandwidth` मध्ये हे 30 भरा. एकक मात्र नीट वाचा. रकाना `Kbps` चा असेल तर 30000 लिहायचं. नुसतं 30 लिहिलंत तर घरातलं नेट ठप्प होईल.

या मर्यादेवरच सगळं अवलंबून आहे. प्लॅनचा पूर्ण 40 लिहिला की रांग पुन्हा मॉडेममध्येच लागते आणि प्राधान्याचे नियम तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. थोडा वेग सोडला की रांग राउटरच्या ताब्यात येते.

यानंतर मीटिंगच्या लॅपटॉपला `High` प्राधान्य द्या. राउटर त्याला मॅक पत्त्यावरून ओळखत असेल तर लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कसाठी बदलता मॅक पत्ता बंद करा, नाहीतर काही दिवसांनी राउटर त्याला ओळखणार नाही. यादीत `SQM` किंवा `cake` दिसत असेल तर तेच निवडा. ते रांग स्वतःच छोटी ठेवतं, एकेका उपकरणाला प्राधान्य देत बसावं लागत नाही.

ताईकडे एवढं करूनही फरक पडेना. भाच्याचा फोन कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याच्या वायफायला जोडलेला होता, तिच्या राउटरला नव्हताच. डब्याचं वायफाय बंद केलं, फोन राउटरला जोडला आणि पुन्हा अपलोड चालवलं, तेव्हा पिंग 25च्या आसपास राहिला. तुमच्याकडे आकडे अजूनही चढत असतील तर मर्यादा एकेक एमबीपीएसने कमी करत पुन्हा मोजा.