व्ह्यूजवरून माणसं मोजताना या चुका टाळा

गणपती संपले की मंडळाच्या कार्यवाहांचा हमखास प्रश्न येतो: "आपल्या आरतीच्या व्हिडिओला 90 हजार व्ह्यूज झालेत. अहवालात 90 हजार भाविकांनी आरती पाहिली, असं लिहायचं ना?" नाही लिहायचं. आरतीचा व्हिडिओ बघितला जात नाही, तो लावला जातो. ज्या घरात कोणालाच 'घालीन लोटांगण' शेवटपर्यंत पाठ नाही, तिथे तो सकाळ-संध्याकाळ लागतो, दहाही दिवस. मग 90 हजारांच्या मागे माणसं किती?

व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर असेल तर आधी यूट्यूब स्टुडिओ उघडा. तिथे युनिक व्ह्यूअर्सचा आकडा मिळतो. तोही यूट्यूबने बांधलेला अंदाजच असतो, पण एकच माणूस फोनवर आणि लॅपटॉपवर दिसला तर त्याला दोनदा न मोजण्याचा प्रयत्न त्यात केलेला असतो. पुढची खटपट त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हातात फक्त एकूण व्ह्यूज आहेत: व्हिडिओ दुसऱ्याच्या चॅनेलवर आहे, किंवा तो मंडळाच्या साध्या वेबसाइटवर आहे आणि तिथे कोण कोण आलं याची नोंद नाही.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 24,000 जणांनी व्हिडिओ एकदाच पाहिला. कोणी व्हॉट्सअॅपवर आला म्हणून, कोणी शब्द तपासायला. 6,000 घरांत दीड दिवसाचा गणपती होता. पहिल्या दिवशी दोनदा आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाआधी एकदा, असा त्यांनी तो तीनदा लावला. आणि 2,400 घरांत दहा दिवसांचा गणपती, रोज दोनदा, म्हणजे 20 वेळा. व्ह्यूज झाले 24,000 अधिक 18,000 अधिक 48,000, एकूण 90,000. प्रेक्षक मात्र 32,400. आता हे 32,400 आपल्याला माहीत नाहीत असं समजून ते शोधायला निघू आणि वाटेत लोक कुठे पडतात ते पाहू.

रोजचे प्रेक्षक जोडणं

वेबसाइट 'आज किती वेगळे लोक आले' एवढंच सांगते, तेव्हा सगळ्यांत सोपी चूक म्हणजे दहा दिवसांचे दहा आकडे जोडून मोकळं होणं. आपल्या उदाहरणात ही बेरीज होते 60,000: एकदाच आलेले 24,000, दीड दिवसवाले दोन दिवस दिसले म्हणून 12,000, आणि दहा दिवसवाले रोज दिसले म्हणून आणखी 24,000. खऱ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. एकाच पाहुण्याला रोज नव्याने पंगतीत बसवून ताटं मोजल्यासारखं आहे हे.

हीच चूक थोड्या शहाण्या वेषातही येते. कोणी म्हणतं, रोजच्या हिशेबात एका माणसामागे दीड व्ह्यू पडतो, म्हणून 90,000 भागिले दीड. उत्तर पुन्हा 60,000. माणशी व्ह्यूज हा आकडा कालावधीला चिकटलेला असतो. खिडकी एक दिवसाची असेल तर तो लहान, दहा दिवसांची असेल तर मोठा. एका दिवसाचा दर दहा दिवसांना लावता येत नाही. ही बेरीज वाया मात्र जात नाही, कारण तिच्यामुळे दोन कुंपणं मिळतात: खरा आकडा बेरजेपेक्षा जास्त नसणार आणि सर्वाधिक गर्दीच्या दिवसाच्या प्रेक्षकांपेक्षा कमी नसणार.

चुकीच्या सरासरीने भागणं

ही चूक हुशार लोक करतात, म्हणून इथे जरा थांबू. कोणीतरी सुचवतं की व्हिडिओखाली फॉर्मची लिंक टाकू आणि विचारू, "हा व्हिडिओ तुम्ही एकूण किती वेळा लावलात?" उत्तरांची सरासरी काढू आणि 90,000 ला तिने भागू. ऐकायला बिनतोड वाटतं.

पण लिंक कोणाला दिसते? जो व्हिडिओ लावतो त्याला, आणि जितक्या वेळा लावतो तितक्या वेळा. दहा दिवसवाल्या घराला ती 20 वेळा दिसली, एकदाच पाहणाऱ्याला एकदा. त्यामुळे उत्तरं माणसांच्या प्रमाणात न येता व्ह्यूजच्या प्रमाणात येतात. समजा 90 उत्तरं आली, आणि अगदी व्ह्यूजच्या प्रमाणात आली: 24 जण म्हणाले 'एकदा', 18 म्हणाले 'तीनदा', 48 म्हणाले 'वीस वेळा'. सरासरी साडेअकरा. भागाकार केला की प्रेक्षक उरतात जेमतेम 7,800. खऱ्या आकड्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी!

दुरुस्ती एका ओळीची आहे. ज्याने 20 वेळा लावला त्याचा प्रत्येक व्ह्यू म्हणजे माणसाचा विसावा भाग, तीनदा लावणाऱ्याचा प्रत्येक व्ह्यू म्हणजे तिसरा भाग. म्हणून प्रत्येक उत्तराचा व्यस्त घ्यायचा आणि त्यांची सरासरी काढायची. 24 अधिक 6 अधिक 2.4, म्हणजे 32.4, भागिले 90, म्हणजे 0.36. त्याला 90,000 ने गुणलं की 32,400. शीटमध्ये उत्तरं B स्तंभात असतील तर हरात्मक मध्य हेच काम करतो:

```
=90000/HARMEAN(B2:B91)
```

इथे `AVERAGE` लिहिलं की घात झाला.

या पद्धतीची एक गंमत आहे. रोज लावणारे भाविक भरात येऊन 20 ऐवजी 30 म्हणाले, तरी अंदाज 31,600 वर येतो, म्हणजे फारसा हलत नाही. पण 'एकदा'वाल्या 24 जणांपैकी फक्त सहा जण चुकून 'दोनदा' म्हणाले, तर तो 29,400 वर घसरतो. म्हणून मोठ्या आकड्यांच्या अतिशयोक्तीवर वेळ घालवू नका. 'एकदा की दोनदा' एवढंच नीट विचारा.

सणाच्या मधेच विचारणं

वरच्या रीतीला एक खोट आहे. तिसऱ्या दिवशी विचारलं तर दहा दिवसवालं घर 'सहा वेळा' म्हणेल, कारण उरलेले 14 अजून व्हायचे आहेत. विसर्जनानंतर विचारावं, तर तेव्हा व्हिडिओ लावतंच कोण? यातून मला सापडलेली सर्वांत सुटसुटीत वाट म्हणजे प्रश्नच बदलणं: "या गणपतीत हा व्हिडिओ पहिल्यांदाच लावताय का? हो / नाही." प्रत्येक प्रेक्षकाच्या वाट्याला 'पहिली वेळ' नेमकी एकदाच येते. म्हणून जितके 'पहिल्यांदा'चे व्ह्यूज, तितकेच प्रेक्षक. आपल्या उदाहरणात 36 टक्के उत्तरं 'हो' यायला हवीत, म्हणजे तोच 0.36. किती वेळा लावला हे आठवायची कोणाला गरज नाही.

हा प्रश्न मात्र दहाही दिवस विचारावा लागतो. पहिल्या दिवशी 'पहिल्यांदा'च्या व्ह्यूजचा वाटा मोठा असतो. समजा एकदाच पाहणाऱ्यांपैकी 4,000 त्या दिवशी आले. दीड दिवसवाल्यांचे 12,000 आणि दहा दिवसवाल्यांचे 4,800 धरून व्ह्यूज 20,800, नवे प्रेक्षक 12,400, म्हणजे 'हो' सुमारे 60 टक्के. हाच टक्का 90,000 ला लावला की 54,000 येतात. आठव्या दिवशी 4,800 व्ह्यूज नेहमीच्यांचे आणि 2,200 नव्यांचे असतील, तर 'हो' 31 टक्के आणि अंदाज 28,000. दोन्ही चूक. त्या त्या दिवसाचा टक्का त्या त्या दिवसाच्या व्ह्यूजला लावायचा आणि दहा गुणाकार जोडायचे. दिवस सरतील तसा 'हो'चा टक्का साधारण उतरत गेला पाहिजे. तो अचानक वर उसळला तर व्हिडिओ कुठल्या तरी मोठ्या ग्रुपवर फिरला असेल, नाहीतर फॉर्ममध्ये काहीतरी बिघडलंय.

बिघाड बहुधा एकाच जागी असतो. फॉर्म बनवताना शिस्त म्हणून 'एका माणसाचं एकच उत्तर' ही अट चालू केली जाते. सर्वेक्षणात ती चांगली, इथे घातक. पहिल्या दिवशी 'हो' म्हणालेल्या माणसाचे पुढचे 19 'नाही' मग नोंदवलेच जात नाहीत, आणि 'हो'चा टक्का फुगतो. अट काढली तरी चौथ्यांदा तोच फॉर्म भरायला कंटाळा येतोच. स्वतःची वेबसाइट असेल तर दर पन्नासाव्या व्ह्यूलाच प्रश्न दाखवा, म्हणजे छळ कमी होतो. लिंकच्या भरवशावर असाल तर तुमचा आकडा खऱ्यापेक्षा वरच्या बाजूला झुकलेला आहे असं धरून चाला.

आणि 90 उत्तरांवर 32,400 असं छातीठोक लिहू नका. 36 टक्के आणि 90 उत्तरं म्हणजे खरा आकडा साधारण 23 ते 41 हजारांत कुठेही असू शकतो. 400 उत्तरं जमली तर पल्ला 28 ते 37 हजारांवर येतो.

व्ह्यू म्हणजे काय हेच न पाहणं

आरतीचा तुकडा शॉर्ट्सवर टाकला असेल तर त्याचे व्ह्यूज वरच्या 90 हजारांत मिसळू नका. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्टचा व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरतं, किमान किती सेकंद पाहिला याची अट नाही. शॉर्ट आपोआप गोल फिरत राहतो, त्यामुळे बोट न हलवताही व्ह्यूज वाढतात. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे शॉर्ट्सचे आकडे शेजारी ठेवून 'यंदा प्रेक्षक वाढले' म्हणणारा अहवाल मी पाहिला आहे.

उलट दिशेचा घोळ टीव्हीवर होतो. दिवाणखान्यात टीव्हीवर आरती लागली, समोर टाळ्या वाजवणारे 12 जण, आणि व्ह्यू एक. म्हणजे आपले 32,400 हे खरं तर लावणारे आहेत, ऐकणारे नाहीत. देणगीदारांना डोकीच हवी असतील तर त्याच फॉर्ममध्ये "आत्ता आरतीला किती जण आहेत?" हा दुसरा प्रश्न घाला, पण त्याची सरासरी फक्त 'हो, पहिल्यांदाच' म्हणणाऱ्यांच्या उत्तरांवरून काढा. सगळ्यांची घेतली तर दहा दिवसवाली भरलेली घरं पुन्हा वीसपट वजनाने आत शिरतात आणि हरात्मक मध्याने बाहेर काढलेली चूक मागच्या दाराने परत येते. एकाच घरातल्या दोन फोनवर वेगवेगळ्या वेळी आरती लागली असेल तर ती माणसं या हिशेबातही दोनदा मोजली जातात.

कार्यवाहांना मी शेवटी दिलेलं वाक्य असं होतं: "आरतीचा व्हिडिओ दहा दिवसांत 90 हजार वेळा लावला गेला, तो लावणारे अंदाजे 28 ते 37 हजार." त्यांनी दुसरा भाग कंसात टाकला.